किती अडलंय, कशावर भागतंय

वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रं घडतात हे बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं. शेठ वालचंद हिराचंदांच्या नावाचं हे गाव उभं राहिलं तेच नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि उसावर. त्या मानानं आमचा धंदा अगदीच किरकोळ. जंक्शनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दोन खोल्या, पाच माणसं आणि सहा फोन. कारखान्यांच्या संगणकांवर ऊसनोंदणीपासून ऊसबिलापर्यंत जे चालतं, ते बिघडलं की फोन इथे वाजतो. वर्षातले सात महिने आम्ही निवांत असतो. कारखान्याची मोळी गव्हाणीत पडली की मग रात्र-दिवस एकच.

एका वेळी एकच तक्रार आली तर ती कशी सोडवायची, यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही. प्रश्न उभा राहतो एकाच सकाळी वीस-पंचवीस तक्रारी येतात तेव्हा. आधी कुठली हातात घ्यायची? या कामाला जगभर ट्रायाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणं, प्रतवारी लावणं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य दोमिनिक लारे यानं जखमींची निवड हुद्द्यावरून न करता जखमेवरून करायची पद्धत घातली, आणि तिथून ही रीत आधी दवाखान्यांत आणि मग संगणकांच्या धंद्यात आली. हुद्द्यावरून नाही, जखमेवरून. कारखान्याच्या संचालकांचा फोन घेताना हे वाक्य मी मनात म्हणतो. उपयोग दरवेळी होतोच असं नाही.

पुस्तकी पद्धत सोपी आहे. मोठ्या कंपन्यांचे मदतकक्ष ज्या आयटिल चौकटीवर चालतात तिच्यात दोन गोष्टी मोजतात: परिणाम किती मोठा आणि घाई किती. एक उभी, एक आडवी, असा तक्ता मांडला की प्राधान्याचा क्रमांक निघतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात दोषांना S1 ते S4 अशी प्रत देतात. त्यांच्या व्याख्येत एक गोष्ट आहे जी त्या आडव्या-उभ्या तक्त्यात नाही. महत्त्वाचं काम मोडलंय आणि समाधानकारक पर्यायी वाटही नाही, तर S2. वाट असेल, तर दोष एक पायरी उतरून S3 होतो. ही तिसरी गोष्ट, म्हणजे तात्पुरती सोय, आमच्याकडे सगळ्यात आधी विचारली जाते. फोन उचलल्यावर आमचा माणूस नमस्काराच्या मागोमाग विचारतो, “सध्या भागतंय का?”

हा प्रश्न चुकीचा आहे, हे आम्हाला एका नोव्हेंबरात कळलं.

कारखान्याचं नाव सांगत नाही. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात कारखाने बरेच आहेत, त्यातला एक समजा. शिवाय चूक त्यांची नव्हतीच, आमची होती. हंगामाचा तिसरा दिवस होता आणि रात्री दोन वाजता आम्ही नवीन व्हर्जन चढवलं. चालू हंगामात व्हर्जन बदलू नये, हे या धंद्यातल्या पोरासोरालाही कळतं. पण जुन्यात एक गफलत निघाली होती, ती बिलाआधी काढायची होती, म्हणून चढवलं. पहिला फोन पाच चाळीसला आला. आठ वाजेपर्यंत तेवीस तक्रारी वहीत होत्या.

त्यातल्या नऊ तक्रारी चिटबॉयकडून. हा गटातला पोरगा सकाळी उजाडायच्या आत फडावर जातो, टोळीला तोडचिठ्ठी देतो, मगच कोयता चालतो. चिठ्ठी मोबाईलवरून निघते. त्या सकाळी निघत नव्हती. चार तक्रारी काट्यावरून: दोन नंबरच्या काट्यावर गाडी चढते, बाहेरच्या लाल आकड्यांत वजन दिसतं, पण संगणकाच्या पडद्यावर शून्य. तीन तक्रारी एसएमएसच्या: शेतकऱ्याला मराठीत जाणारा वजनाचा मेसेज नुसत्या प्रश्नचिन्हांचा जात होता. दोन शेतकी ऑफिसच्या: ऊसतोडणीच्या कार्यक्रमात सप्टेंबरची लागण जुलैच्या आधी लागली होती. दोन अकाउंट्सच्या: बँकेला पाठवायच्या फाइलमध्ये काही खातेनंबरांचं सुरुवातीचं शून्य गळत होतं. एक, पावतीवर ‘क्ष’ फुटून छापला जात होता. एक, कार्यकारी संचालकांच्या केबिनमधल्या पडद्यावरचा आलेख पुढे सरकत नव्हता. आणि एक तक्रार धड तक्रारही नव्हती. काट्यावरच्या कारकुनानं सात दहाला सहज सांगितलेली गोष्ट होती. तिच्याकडे मागाहून येतो.

तेवीस हा आकडा बघून छातीत धस्स होतं. पण पहिलं काम मोजण्याचं नाही, गोळा करण्याचं आहे. चिटबॉयच्या नऊ तक्रारी म्हणजे नऊ दोष नव्हेत. फोनमधलं ॲप जुनं आणि सर्व्हर नवा, दोघांची बोली जुळत नव्हती. दोष एक, ओरडणारे नऊ. मूळ कारणानुसार मोळ्या बांधल्या की तेवीसच्या आठ झाल्या. इथे एक खाचखळगा आहे. मोळी बांधताना आपण लक्षणावरून बांधतो, कारण मूळ कारण तेव्हा कळलेलं नसतं. म्हणून प्रत्येक मोळीवर ‘अंदाज’ असं लिहून ठेवावं लागतं. त्या दिवशीच्या आठांतल्या दोन मोळ्या खरं तर एकच होत्या, आणि ते न दिसल्यामुळे आमचा वेळ गेला.

मग घाई. घाई आणि परिणाम यांची गल्लत इतकी सहज होते की आम्ही घाई शब्दांत लिहीतच नाही, घड्याळात लिहितो. ‘तातडीचं’ असं लिहिलं की सगळंच तातडीचं होतं. ‘दुपारी चारपर्यंत’ असं लिहिलं की भांडण संपतं.

बँकेच्या फाइलचंच बघा. परिणाम त्या दिवशीच्या सगळ्या तक्रारींत मोठा. शून्य गळलं की पैसे परत येणार किंवा अडकणार, आणि तेही हजारो शेतकऱ्यांचे. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. पण अकाउंट्सवाल्यांनी शहाणपणानं ही फाइल आधीच करून पाहिली होती. हंगाम 10 तारखेला सुरू झालेला, त्या दिवसाचे पैसे 24 पर्यंत जायला हवेत, आणि आज 12. म्हणजे परिणाम डोंगराएवढा आणि घाई आज काहीच नाही. कागदावर ‘17 तारखेपर्यंत’ असं लिहिलं आणि बाजूला ठेवलं. 24 न लिहिता 17 लिहिलं, कारण दुरुस्तीनंतर बँकेकडून एकदा तपासून घ्यायला चार दिवस हवेत आणि मध्ये रविवार येतो.

तोडणी कार्यक्रमाचं घड्याळ जवळचं. उसाची तोड लागणीच्या तारखेप्रमाणे द्यायची असते, आणि नव्या व्हर्जननं तारखा तारखा म्हणून न लावता अक्षरं म्हणून लावल्या. त्यामुळे 01/09 हे 15/07 च्या वर गेलं. ज्याचा आडसाली ऊस जुलैत लावलेला, त्याच्या आधी सप्टेंबरवाल्याला चिठ्ठी मिळाली तर गावात काय होतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. पण उद्याचा कार्यक्रम गट ऑफिसात लागतो दुपारी चारला. तोवर कुणाचंही नुकसान नाही. आणि सोय साधी: यादी एक्सेलमध्ये घेऊन शेतकी ऑफिसनं स्वतः तारखेप्रमाणे लावायची, तासाभराचं काम. लिहिलं, ‘चारपर्यंत, नाहीतर एक्सेल’.

चिठ्ठ्यांचं काय? नऊ गटांत तोड थांबली होती, टोळ्या फडात बसून होत्या. परिणाम मोठा, घाई आत्ताची. पण इथे सोय तयार होती. प्रत्येक गट ऑफिसच्या कपाटात छापील क्रमांकाची चिठ्ठीपुस्तकं असतात, नेट नसलं की वापरायची. सहा पाचला आम्ही सगळ्यांना एकच मेसेज टाकला: पुस्तकातली चिठ्ठी द्या, क्रमांक आणि गाडीनंबर गटाच्या ग्रुपवर लिहा. दोन मिनिटांत नऊ तक्रारी शांत झाल्या. दुरुस्ती मात्र झाली नव्हती. हा फरक नवीन माणसाला शिकवायला मला दरवर्षी एक महिना लागतो. उत्तराचा क्रम वेगळा आणि दुरुस्तीचा क्रम वेगळा. ज्याची सोय एका मेसेजनं होते त्याला पहिलं उत्तर द्यावं, मग दुरुस्तीत तो तिसरा-चौथा असला तरी चालतो.

पण सोयीला मुदत असते. हातानं लिहिलेली चिठ्ठी फडात चालते. तोड होते, मोळ्या बांधून होतात, गाडी भरते, आणि पाच-सहा तासांनी ती केनयार्डात येते. तिथे नंबर टेकर तो क्रमांक संगणकावर शोधतो आणि तिथे तो नसतो. म्हणजे दुपारी बारापर्यंत कागदावर भागेल, बारानंतर तीच अडचण फडातून यार्डात येईल, आणि यार्डात ती नऊपट दाट होईल कारण सगळे गट एकाच दारातून आत येतात. तोडलेला ऊस उन्हात जितका राहील तितकं वजन आणि साखर घटते, चोवीस तासांच्या आत गाळलेला बरा. म्हणून कागदावर ‘सोय आहे’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही. ‘सोय बारापर्यंत’ असं लिहावं.

सोयीची किंमतही मोजायला हवी, आणि ती नगावर मोजायला हवी. 19 जुलै 2024 चं क्राउडस्ट्राइकचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. सकाळी नऊ एकोणचाळीसला त्या कंपनीनं एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर पाठवली, आणि अकराच्या आत मागेही घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख संगणक निळे पडून बसले होते. उपाय त्याच दिवशी सगळ्यांना कळला: संगणक सेफ मोडमध्ये चालू करा, C-00000291 नं सुरू होणारी .sys फाइल पुसा, पुन्हा चालू करा. पाच-दहा मिनिटांचं काम. पण ते प्रत्येक संगणकासमोर माणसानं बसून करायचं. ज्यानं तक्त्यात ‘उपाय उपलब्ध’ अशी खूण केली असेल त्याची खूण खरी होती आणि निरुपयोगी होती. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती आमच्या चिठ्ठीपुस्तकाचीच बहीण. एका प्रवाशाला एक मिनिट हे ठीक, पण रांगेतल्या शेवटच्या प्रवाशाचं विमान त्या मिनिटांच्या बेरजेवर चुकतं.

आता काटा.

कारखान्यात गाडीचं वजन दोनदा होतं. आत येताना भरलेली गाडी एक नंबरच्या काट्यावर, ऊस गव्हाणीत पडल्यावर रिकामी गाडी दोन नंबरच्या काट्यावर. वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. काट्यावरचा आकडा साध्या सिरियल केबलनं संगणकात जातो. संगणकाला त्या केबलचं तोंड एका नावानं माहीत असतं, आमच्याकडे COM3. रात्री दोनला व्हर्जन चढवताना संगणक अडकला, म्हणून पाळीच्या माणसानं केबलचा यूएसबी जोड काढून परत खोचला, पण शेजारच्या खाचेत. विंडोजनं त्याला नवीन नाव दिलं, COM5. आमचा प्रोग्राम COM3 शी कान लावून बसलेला. तिकडून काहीच येईना, म्हणून शून्य.

पहिला फोन पाच पन्नासला.

“सायेब, दोन नंबर झिरो दावतोय.”

“भागतंय का सध्या?”

“भागतंय की. पावती निघतीय. गाड्या थांबल्या न्हाईत.”

आमच्या माणसानं लिहिलं: काटा दोन, पडद्यावर शून्य, पावती चालू, सोय आहे. चिठ्ठ्यांच्या खाली टाकलं. मीही ते पाहिलं आणि मान डोलावली. उरलेल्या तीन फोनांनाही तेच उत्तर मिळालं.

आता आठवा तो धड तक्रार नसलेला फोन. सात दहाला त्याच काट्यावरचा जुना कारकून बोलता बोलता म्हणाला, “एक ट्रॅक्टरवाला कटकट करतोय. म्हणतोय, माझ्या मागं आज दुसऱ्या ट्रॉल्या हायत आणि पावतीवर रिकामं वजन कालचंच कसं आलं? मी म्हटलं जा बाबा, बघू.”

मी फोन ठेवला नाही. पडद्यावर शून्य आहे, तर पावतीवर रिकाम्या गाडीचं वजन येतंय कुठून?

उत्तर आमच्याच प्रोग्रामात होतं. काटा बंद पडला तर गाड्यांची रांग लागू नये म्हणून आम्ही कधीकाळी एक सोय केली होती: रिकामं वजन मिळालं नाही तर त्या गाडीचं मागच्या खेपेचं वजन धरायचं. जुन्या व्हर्जनमध्ये ती सोय पडद्यावर विचारून व्हायची, ‘मागचं वजन धरू का?’ नव्यात ती न विचारता होत होती. ट्रकचं रिकामं वजन रोज जवळपास तेच असतं, पण ट्रॅक्टरवाले ट्रॉल्या बदलतात. त्या गाडीचं भरलेलं वजन 27,460 किलो. आजच्या ट्रॉल्यांसकट रिकामं 7,180, म्हणजे ऊस 20,280 किलो. प्रोग्रामनं कालचं 7,560 धरलं, पावती निघाली 19,900 किलोची. फरक 380 किलो. टनाला 3000 रुपये धरले तरी एका खेपेत 1140 रुपये. आणि हे रात्री सव्वादोनपासून चालू होतं, 61 गाड्या बाहेर गेल्या होत्या.

म्हणजे काट्याची मोळी आणि ही एकटी तक्रार एकाच बुडख्याची होती. चार जण सांगत होते की शून्य दिसतंय, पाचवा सांगत होता की शून्याचं पुढे काय होतंय. आणि ज्याला आम्ही सोय म्हणत होतो, तोच रोग होता. पावती निघाली नसती, रांग लागली असती, तर पाच पन्नासलाच आम्ही सगळं सोडून काट्यावर धावलो असतो. थांबलेलं काम ओरडतं, चुकीचं काम गप्प चालतं. साखरपट्ट्यात काट्याचा विषय किती नाजूक आहे हे सांगायला नको. काटामारीवरून इथे आंदोलनं झाली आहेत, वैधमापनवाल्यांची भरारी पथकं फिरतात. आणि हे दिवसाच्या एकूण टनेजमध्ये दिसलंही नसतं, कारण कुणाच्या जुन्या ट्रॉल्या जड, कुणाच्या हलक्या. एकाचं कमी झालं, दुसऱ्याचं वाढलं, बेरीज जवळपास तीच.

मोठ्या प्रमाणावर हेच ब्रिटनच्या पोस्टात झालं. तिथल्या होरायझन नावाच्या हिशेबाच्या प्रणालीत तूट दिसायची, आणि पोस्ट चालवणाऱ्या एकेकट्या माणसाची तक्रार ‘तुमच्याकडूनच चूक झाली’ असं सांगून मिटवली जायची. 900 हून अधिक जणांवर गुन्हे शाबीत झाले. प्रणालीत दोष होते हे न्यायालयानं डिसेंबर 2019 मध्ये सांगितलं, आणि शिक्षा सरसकट रद्द व्हायला 2024 चा कायदा लागला. प्रत्येक तक्रार एकटी होती, काम कुठेच थांबलेलं नव्हतं, आणि तक्त्यात ती खालच्या ओळीत बसत होती. परिणाम मोजताना ‘किती जणांनी सांगितलं’ ही मोजपट्टी का वापरू नये, याला यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

सात वीसला सगळा क्रम पुन्हा लावला. वर गेला काटा, पण त्यातही दुरुस्ती पहिली नाही. पहिलं, नुकसान वाढणं थांबवणं: फोनवरून काट्यावर सांगितलं की पावती छापायच्या आधी लाल आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळवा, जुळत नसेल तर गाडी उभी ठेवा. रांग लागू दे. दुसरं, पुरावा सांभाळणं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, जुनं व्हर्जन परत टाका. ते टाकलं असतं तर पाच तासांच्या पावत्या, ज्या नव्या पद्धतीनं साठवल्या होत्या, त्या विस्कटल्या असत्या. आधी त्यांची प्रत काढली, दहा मिनिटं. तिसरं, दुरुस्ती, आणि ती सगळ्यात लहान निघाली: सेटिंगमध्ये COM3 च्या जागी COM5. पाच मिनिटांत पडद्यावर वजन आलं. मागचं वजन न विचारता धरण्याची सोय बंद केली. त्यानंतर ॲपपुरता सर्व्हर मागे नेला, नऊ वाजता चिठ्ठ्या मोबाईलवरून निघू लागल्या, म्हणजे बाराच्या पुष्कळ आधी.

राहिल्या 61 पावत्या. इथे आमचं नशीब त्या जुन्या कारकुनाच्या सवयीत होतं. पडद्यावर शून्य दिसल्यावर त्यानं कुणी न सांगता वहीत लाल आकडा लिहायला सुरुवात केली होती. 48 गाड्यांची खरी वजनं वहीत मिळाली. उरल्या त्याच्या आधीच्या 13. त्यांचं खरं वजन कुठेही नव्हतं, फक्त त्या गाडीतच होतं, आणि गाडी तिकडे फडात. त्याच ट्रॉल्यांसकट ती पुढच्या खेपेला येईल तर पुन्हा रिकामी तोलता येईल. मालकानं मध्ये ट्रॉल्या बदलल्या की गेलं. आम्ही सकाळभर घाईला घड्याळ लावत होतो, इथे घड्याळ दुसऱ्याच्या हातात होतं. गटवार 13 ट्रॅक्टरवाल्यांना फोन गेले: दुपारपर्यंत ट्रॉल्या सोडू नका. नऊ सापडले. चार जणांनी बदलल्या होत्या, त्यांच्या मागच्या काही खेपांच्या सरासरीवर शेतकरी आणि वाहनमालक दोघांच्या सह्या घेऊन वजन ठरवावं लागलं. ते काम कारखान्याच्या केन अकाउंट्सवाल्यांनी केलं, आणि आम्ही कोपऱ्यात उभे राहून ऐकून घेतलं.

तोडणी कार्यक्रम साडेतीनला दुरुस्त झाला. केबिनमधल्या आलेखाबद्दल दिवसभरात चार फोन आले, इतर कुठल्याही एका तक्रारीपेक्षा जास्त आग्रहानं. तो दुसऱ्या दिवशी केला. ‘क्ष’ अजून आठवडाभर फुटत राहिला.

त्या दिवसानंतर फोनवरचा प्रश्न बदलला. ‘भागतंय का’ विचारत नाही, कारण त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. आपल्याकडचा माणूस अडचण सांगतानाही भागवून घेतल्याचं आधी सांगतो. आता विचारतो: आत्ता नेमकं काय करताय? ते किती वेळ चालेल? आणि पावतीवरचा, यादीतला, फाइलमधला आकडा कुठून येतोय? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला, तर ती तक्रार तक्त्यात कुठेही बसत असली तरी वर आणायची. यातही फसायला होतं. काही वेळा समोरच्याला फक्त माहीत नसतं आणि आकडा बरोबर असतो, मग अर्धा तास फुकट जातो. जाऊ द्यावा.

एसएमएस राहिला. सकाळी तो खालून दुसरा होता, आणि बरोबरच होता. कितीतरी लोकांना प्रश्नचिन्हं गेली असली तरी प्रत्येकाच्या खिशात छापील पावती होती, मेसेज नाही वाचता आला तर पावती बघावी. पण 61 पावत्या तपासून झाल्यावर, संध्याकाळी सहाला, 25 शेतकऱ्यांच्या खिशातली पावतीच खोटी ठरलेली होती. काहींचं वजन वाढलेलं, ते खूश होणार. काहींचं कमी झालेलं, आणि ते त्यांना बिलात नव्हे, आजच कळायला हवं होतं. सकाळी ज्या सोयीवर आम्ही ती तक्रार खाली टाकली, ती सोय दुसऱ्याच दोषानं मारून टाकली होती. तक्ता तोच, तक्रार तीच, एक ओळसुद्धा बदललेली नाही, आणि ती खालून दुसरी होती ती एकदम पहिली झाली.

कारण किरकोळ होतं. देवनागरी मेसेज युनिकोड म्हणून पाठवावा लागतो, त्यात एका मेसेजला 160 ऐवजी 70 अक्षरं मिळतात. नव्या व्हर्जननं तो साधा मजकूर म्हणून पाठवला होता. साडेनऊला दुरुस्ती झाली. पहिला मेसेज त्या ट्रॅक्टरवाल्यानं ज्याचा ऊस आणला होता त्या शेतकऱ्याला गेला: सुधारित वजन 20.280 टन. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, थेट आमच्या नंबरवर. हा नंबर त्याला कुणी दिला ते कळलं नाही.

“मेसेज आलाय. पर हे खरं का सकाळचं खरं?”

“हे खरं, अण्णा. उद्या चिटबॉय नवी पावती आणून देईल.”

“मग सकाळची फाडू का?”

“नका फाडू. दोन्ही जोडून ठेवा.”